घड्याळातले तीन खड्डे

गळ्यातली शिट्टी काढून ठेवली असती तर बाईंना मैदानावरच्या निम्म्या लोकांनी ओळखलंही नसतं. अठ्ठावन्न वर्षांचं वय, काटक अंग, आणि तोंड म्हणजे तोफ. धावायला शिकायला आलेला बँकेतला साहेब असो की किराणा दुकानदार, झापताना त्या दोघांना एकच माप लावायच्या. म्हणून सगळे त्यांना शिट्टीबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, पुढे पुढे तोंडावरही म्हणायला लागले, आणि बाईंनीही ते चालवून घेतलं.

प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली त्यांची खोली होती. एक टेबल, एक लॅपटॉप, कोपऱ्यात मोडके अडथळे, आणि ओल्या बुटांचा एक वास, जो खिडकी कितीही उघडी ठेवली तरी जात नसे. सोमवारी मैदान रिकामं झालं की बाई तिथे बसून सगळ्यांच्या रविवारच्या लांब धावण्याचे ग्राफ बघायच्या. प्रत्येकाच्या हातात ते घड्याळ. किती धावलो, किती वेगाने, पावलं किती पडली, हृदयाचे ठोके किती, सगळं ते लिहून ठेवतं आणि बाईंच्या लॅपटॉपवर आणून टाकतं. बाईंचा त्या घड्याळांवर भरवसा बेताचाच होता, पण बघायच्या मात्र मन लावून.

एका रविवारचा एक ग्राफ मात्र त्यांनी महिना झाला तरी उघडला नव्हता. नाव दिसलं की बोट आपोआप पुढे सरकायचं.

तो जिराफाचा होता. जिराफ म्हणजे सहा फुटांच्या वर गेलेला, चौतिशीतला, सगळ्यांच्या खोड्या काढणारा पोरगा. तो आणि त्याची धाकटी बहीण दोघं मिळून यायचे. ती बुटकी, धापा टाकत सगळ्यात शेवटी पोचणारी, म्हणून तो तिला कासव म्हणायचा. जिराफ पुढे जायचा, कुठेतरी थांबून तिची वाट बघायचा, ती जवळ आली की पुन्हा पुढे. त्या रविवारीही दोघं असेच धावून आले. घरी गेला, अंघोळ केली, घड्याळ काढून चार्जिंगला लावलं, पोटभर जेवला आणि जरा आडवा होतो म्हणाला. तो उठलाच नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदयात जन्मापासून दोष होता, आणि तो कुणाच्याच ध्यानात आलेला नव्हता. चालताबोलता माणूस दुपारच्या झोपेत गेला. बाई दहनाला गेल्या होत्या, पण त्या घराची पायरी चढायची त्यांची हिंमत झाली नव्हती. काय बोलणार होत्या जाऊन?

महिन्याभराने एका सोमवारी धाकटी खोलीच्या दारात उभी राहिली. धावायच्या कपड्यांत नव्हती. हातात पिशवी, पिशवीत बूट आणि शर्यतीचा नंबर. हे कुणा गरजूला देऊन टाका, म्हणाली, मी आता धावणार नाही. बाईंनी तिला बसवलं, पाणी दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याचं बोलणं मधे न तोडता ऐकून घेतलं.

घरात आई तिच्याशी बोलत नव्हती. भांडण नाही, तंटा नाही. नुसतं बोलत नव्हती. त्या रविवारी तो झोपू दे म्हणत होता, आईही म्हणाली होती की आज राहू दे त्याला, आठवडाभर दमलाय. धाकटीनेच पांघरूण ओढून काढलं होतं. शर्यत तोंडावर आली होती आणि एकटीने एवढं लांब धावायची तिला धास्ती वाटत होती. नंतर आईला त्याच्या फोनमध्ये तो ग्राफ सापडला. ठोके एकशे बहात्तर, तेही जवळजवळ सगळा वेळ, तासाच्या वर. फोनने ती सगळी रेघ लालभडक रंगवली होती. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आई ती रेघ दाखवायची आणि म्हणायची, दोष होता हे खरं, पण तो दोष एवढा पळवला कुणी?

“बरोबरच आहे तिचं,” धाकटी म्हणाली. “माझे ठोके त्या दिवशी एकशे साठच्या आत होते. मी मागून रमतगमत येत होते, आणि तो मरत होता.”

बाईंच्या कपाळावर आठी पडली. जिराफासारखा पाय मुरलेला माणूस, बहिणीच्या वेगाने धावतोय, आणि ठोके एकशे बहात्तर? त्यांनी लॅपटॉप ओढला आणि महिनाभर टाळलेलं ते नाव उघडलं.

रेघ बघितली आणि त्या पुढे वाकल्या. धावायला सुरुवात झाली की ठोके हळूहळू चढतात. गाडी गरम व्हायला वेळ घेते ना, तसं दोन-चार मिनिटांचं ते काम असतं. ही रेघ पहिल्या काही पावलांतच भिंतीसारखी उभी चढली होती, आणि मग मधले दोन-तीन खड्डे सोडले तर पट्टी ठेवून ओढल्यासारखी सपाट. त्या रस्त्यावर पुलाची चढण आहे. तिथे भल्याभल्यांचे ठोके वर जातात, उतारावर खाली येतात. या रेघेला ना चढण माहीत होती, ना उतार. बाईंनी खालच्या यादीतून पावलांच्या वेगाची रेघ निवडली आणि ती याच चौकटीत आणून बसवली. निळी रेघ लाल रेघेवर जाऊन अशी पडली की लाल दिसेनाशीच झाली.

“हे ठोके नव्हेत,” बाई म्हणाल्या. “ही त्याची पावलं आहेत.”

मग त्यांनी तिला नीट समजावून सांगितलं. घड्याळाच्या पोटाशी हिरवा दिवा असतो. त्याचा उजेड कातडीत शिरतो, रक्ताची लाट आली-गेली की परत येणारा उजेड कमीजास्त होतो, आणि त्यावरून घड्याळ ठोके मोजतं. पण पट्टा सैल असला की पावलागणिक घड्याळ मनगटावर हिंदकळतं, आणि उजेड त्यानेही हलतो. घड्याळाला दोन ताल ऐकू येतात, एक हृदयाचा आणि एक पायांचा. जो जोरात, तो ते धरून बसतं. याला केडन्स लॉक म्हणतात. बाई आपल्या भाषेत म्हणायच्या, घड्याळ पायात बांधलंय. आणि जिराफाच्या मनगटाला पट्टा घट्ट केला की पुरळ उठायचं, म्हणून तो घड्याळ बांगडीसारखं लोंबकळत ठेवायचा. बाईंनी त्याला त्यावरून किती वेळा पिडलं होतं. घड्याळ घातलंय की कंकण बांधलंय, असं सगळ्यांसमोर विचारायच्या, आणि तो हात वर करून ते खुळखुळवून दाखवायचा. 

धाकटीने बराच वेळ त्या दोन रेघांकडे बघितलं. तिला सुटल्यासारखं वाटेल असं बाईंना वाटलं होतं. पण ती रडायलाच लागली, आणि रडता रडता म्हणाली की हे आईला सांगू नका.

“ती रोज संध्याकाळी ती रेघ घेऊन बसते. बोट फिरवते तिच्यावर. त्याचं हृदय चालू होतं, त्याची एवढीच काय ती खूण उरलीये म्हणते. ते पण पायांचं निघालं तर तिच्याकडे काय राहील? मला बोलत नाही तर नाही.”

बाईंनी तिला शब्द दिला. दिला आणि त्याच क्षणापासून पस्तावल्या. एकीकडे ही पोरगी न केलेल्या गुन्ह्याचं ओझं वाहणार, दुसरीकडे ती माऊली पावलांना काळीज समजून कुरवाळणार, आणि खरं काय ते ठाऊक असलेली शिट्टीबाई तोंडाला कुलूप लावून बसणार. चार दिवस त्यांनी मैदानावर सगळ्यांना विनाकारण फैलावर घेतलं. पाचव्या दिवशी पिशवी खांद्याला लावली आणि त्या घराकडे निघाल्या. काही सांगायचं नाही, नुसतं भेटून यायचं, असं वाटभर स्वतःला बजावत होत्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. पुढच्या खोलीत एक पलंग, एक सोफा, भिंतीवर त्याचा फोटो, आणि दाराजवळच्या कपाटात त्याचे भलेमोठे बूट अजून तसेच. आईने बाईंना बसा म्हटलं. धाकटीने चहा आणला आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आईने चहाचा कप घेतला, पण तिच्याकडे बघितलं नाही. एकाच घरात दोघी अशा वावरत होत्या की बाईंना बसवेना.

थोडं इकडचंतिकडचं झालं आणि आईने उशीखालून फोन काढलाच. बाईंनी रेघ बघितली, मान हलवली, जीभ दातांखाली धरली. इथवर ठीक होतं. पण आईचं बोट रेघेवरून सरकत सरकत एका जागी थांबलं. तिथे सपाट रेघ एकदम खाली कोसळली होती, थोडा वेळ खाली राहिली होती, आणि पुन्हा तशीच उभी चढली होती. असं तीन ठिकाणी झालं होतं.

“हे खड्डे बघा, बाई,” आई म्हणाली. “इथे त्याचं हृदय बसत होतं. इथे एकदा, इथे एकदा, आणि हा मोठा. तीनदा त्याचा जीव घाबरा झाला असेल, आणि तरी लेकरू उठून धावलं. बहिणीसाठी. मी रोज इथे आले की थांबते. म्हणते, इथे मी असायला हवी होते.”

 त्या सबंध तासात जर कुठे काही चांगलं होतं, तर ते त्या तीन खड्ड्यांतच होतं, आणि ही आई रोज संध्याकाळी नेमकी तिथेच जाऊन मरत होती. बाईंनी दाराकडे बघितलं. धाकटी नको नको म्हणून मान हलवत होती.

“पोरी, माफ कर,” बाई म्हणाल्या. “मला हे पचणार नाही.” आणि आईकडे वळल्या. “ताई, त्याचं घड्याळ कुठाय?”

घड्याळ अजून चार्जिंगच्या वायरीला लटकत होतं, त्याने लावलं होतं तिथेच. घरात कुणी त्याला हात लावला नव्हता. आईने ते जपून काढून आणलं. बाईंनी ते त्याच्याच भोकात पट्टा अडकवून डाव्या मनगटावर घातलं, तर ते पार कोपराकडे घसरायला लागलं. आपलं स्वतःचं घड्याळ उजव्या हातात होतंच. मग आत न्हाणीघरात जाऊन त्यांनी पिशवीतला ठोके मोजायचा पट्टा छातीला बांधला. हा पट्टा उजेडाच्या भानगडीत पडत नाही, थेट हृदयाची वीज पकडतो आणि आकडा उजव्या घड्याळाला कळवतो. बाहेर येऊन त्यांनी दोन्ही घड्याळं धावण्यावर लावली आणि टीपॉय सरकवायला सांगितला.

“म्हातारीला हसू नका,” म्हणाल्या, आणि सोफा आणि पलंगाच्या मधे जागच्या जागी धावू लागल्या.

पहिल्या खेपेला काहीच झालं नाही. दोन्ही घड्याळं गुण्यागोविंदाने जवळपास एकच आकडा दाखवत राहिली. नेमकं हवं तेव्हा घड्याळ चुकेल तर ते घड्याळ कसलं! आईच्या चेहऱ्यावर, हे काय चाललंय, असं उमटलं. खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली. बाईंनी दम घेतला, डाव्या घड्याळाचा पट्टा आणखी एक भोक सैल केला, हात जोरजोरात हलवत पुन्हा सुरुवात केली. थोड्या वेळाने डाव्या हातातला आकडा अडखळला, आणि मग टुणकन उडी मारून वर जाऊन बसला.

“बघा,” बाई धापा टाकत म्हणाल्या. “दोन्हीकडे बघा.”

आईने बघितलं. उजवीकडे एकशे वीस. डावीकडे एकशे सहासष्ट. आणि डावीकडेच खाली पावलांचा आकडा, तोही एकशे सहासष्ट. बाई थबकल्या. उजवीकडचा आकडा सावकाश, एकेक पायरी उतरायला लागला. डावीकडचा मात्र पाय थांबताच धाडकन खाली आला आणि उजव्याच्या शेजारी येऊन टेकला.

“माझं हृदय बसलं का आत्ता?” बाईंनी विचारलं.

आई दोन्ही घड्याळांकडे आलटूनपालटून बघत राहिली. बाई तिच्या शेजारी पलंगावर बसल्या, फोन घेतला, निळी रेघ लाल रेघेवर आणून ठेवली आणि जे धाकटीला सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं, फक्त आवाज खाली आणून. खरोखर एवढे ठोके असते तर थांबल्याबरोबर ते असे कोसळले नसते. धावणारं हृदय शांत व्हायला वेळ घेतं. इथे लाल रेघ निळीबरोबर चढलीये आणि निळीबरोबर पडलीये, म्हणजे घड्याळ पाय मोजत होतं. पाय थांबले की मोजायला पाय उरले नाहीत, मग नाइलाजाने ते हृदयाकडे वळलं.

“म्हणजे त्या तासाभरात त्याचं हृदय कसं चाललं होतं?” आईने विचारलं.

इथे गोड खोटं सांगता आलं असतं. बाईंच्या ओठांवर आलंही होतं.

“ते मला माहीत नाही, ताई. कुणालाच नाही. घड्याळ तेव्हा त्याचं हृदय ऐकतच नव्हतं. त्याचा दोष होता तो होताच, त्याने आत काय केलं ते ही रेघ सांगू शकत नाही. पण ते एकशे बहात्तर त्याचे नव्हेत, एवढं मी छातीठोक सांगते. आणि तो थांबला तेव्हाचे आकडे बघा. एकशे बत्तीस, मग एकशे तीस, मग एकशे चोवीस. असा माणूस जीव तोडून धावलेला नसतो. फिरायला निघाल्यासारखा धावलेला असतो.”

आईने फोन मांडीवर ठेवला. तिचा हात त्यावर पडून राहिला. ज्या रेघेवर महिनाभर बोट फिरवलं ती पावलांची निघाली, हे तिला आता कळत होतं, आणि ते कळताना तिचा चेहरा म्हातारा होत चाललाय असं बाईंना दिसलं. आपण हिच्याकडून दुसऱ्यांदा मुलगा काढून घेतला, असं वाटून बाईंना स्वतःचा संताप आला. नसत्या उठाठेवी करायची ही खोड आपल्याला नडणार एक दिवस, असं लोक म्हणायचे. तो दिवस हाच असावा.

बऱ्याच वेळाने आईने फोन पुन्हा उचलला. रेघ मागे नेली, पुढे नेली. पहिल्या खड्ड्यापाशी थांबली.

“मग हे?” तिने विचारलं. “हे तरी त्याचं आहे ना?”

“हे त्याचंच,” बाई म्हणाल्या. “हे तीन. पहिले काही सेकंद सोडा, घड्याळाला भानावर यायला तेवढे लागतात. पुढचे सगळे त्याच्या हृदयाचे.”

आईने दोन बोटांनी तो खड्डा मोठा केला. मग तिने मान वर करून दाराकडे बघितलं. महिन्याभरात पहिल्यांदाच.

“इथे का थांबला होता गं तो?”

 धाकटी चाचरत म्हणाली की मी मागे पडले होते. तो तिन्ही वेळेला माझ्यासाठीच थांबला. पहिल्यांदा पाण्याच्या टाकीपाशी. मग पुलाच्या खाली, तेव्हा मला बूट बांधायचा होता. आणि तो मोठा खड्डा शाळेच्या भिंतीपाशी, तिथे माझ्या पोटात कळ आली होती आणि मी चालतच येत होते. तो भिंतीला टेकून उभा होता. लांबूनच ओरडत होता, ये गं कासवा, तोवर मी लग्न करून दोन पोरं वाढवतो.

आईच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मधेच त्याचा हुंदका झाला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. डाव्या हातातलं घड्याळ अजून मोजतच होतं, ते त्यांनी गुपचूप बंद केलं आणि काढून उशीपाशी ठेवलं.

आई त्या मोठ्या खड्ड्यावर बोट ठेवून बसली होती. बोटाच्या पेराएवढाही तो नव्हता. तासाभराच्या त्या लालभडक रेघेत मुलाचं म्हणावं असं एवढंच निघालं होतं, आणि तेही बहीण मागे पडली म्हणून. तिने शेजारची उशी बाजूला सारून जागा केली. धाकटी येऊन बसली, पण अंग चोरून, परक्यासारखी.

आईने तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

“अजून थोडी मागे राहायचं होतंस गं,” ती म्हणाली. “तो आणखी थांबला असता.”

धाकटीने मान हलवली. मग दोघी पुन्हा पहिल्या खड्ड्यापाशी गेल्या, पाण्याच्या टाकीपाशी, आणि तो तिथे कसा उभा होता ते धाकटी सुरुवातीपासून सांगू लागली.